लाइव्ह कॉन्सर्टचे ट्रॅक पाडताना सांध्यावर येणारा खंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सलग रेकॉर्डिंग कापून एमपीथ्री केलं की दोन ट्रॅकच्या मध्ये आवाज तुटतो. कापताना तर काहीच गळलं नव्हतं, मग हे येतं कुठून?

कापण्यात चूक नसते. खंड एन्कोडिंगमध्ये तयार होतो, आणि तो दोन कारणांनी होतो.

पहिलं कारण म्हणजे एमपीथ्री आवाज सुट्या सॅम्पलमध्ये साठवतच नाही. तो ११५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये साठवतो आणि फ्रेमच्या आतले तुकडे एकमेकांवर अर्धे चढवलेले असतात. कुठलाही तुकडा पूर्ण उलगडायचा तर त्याच्या शेजारचा तुकडाही हातात लागतो. फाइलच्या सुरुवातीला मागचा शेजारी नसतो, म्हणून एन्कोडर आधी काही रिकामी सॅम्पल घालून सुरुवात करतो. यालाच एन्कोडर डिले म्हणतात. उलगडताना डिकोडरच्या फिल्टरमुळे आणखी थोडा उशीर होतो.

दुसरं कारण शेवटाकडे असतं. गाण्याची लांबी ११५२ च्या पटीत असेलच असं नाही. शेवटची फ्रेम अर्धीमुर्धी ठेवता येत नाही, म्हणून उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. हे पॅडिंग.

एकटं गाणं ऐकताना यातलं काहीच जाणवत नाही, कारण गाण्याच्या आधी आणि नंतर शांतताच असते. कॉन्सर्टमध्ये मात्र एका ट्रॅकच्या शेवटी टाळ्या चालू असतात आणि पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीला त्याच टाळ्या पुढे चालतात. मधे दोन-तीन शतांश सेकंदाची शांतता घुसली तरी उचकी लागल्यासारखं ऐकू येतं.

हा खंड नेमका केवढा असतो?

मोघम सांगण्यापेक्षा एक सांधा घेऊन हिशेबच करू. पुढची बरीच उत्तरं याच आकड्यांवर उभी आहेत.

रेकॉर्डिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ आहे असं धरा. पहिलं गाणं संपून टाळ्या चालू आहेत आणि ७ मिनिटं १२ सेकंद ४० फ्रेमवर आपण कापतो आहोत. इथली ‘फ्रेम’ सीडीची, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. एमपीथ्रीच्या फ्रेमशी तिचा संबंध नाही. नावं सारखी असल्यामुळे भलेभले घोळ घालतात, म्हणून मी यापुढे सीडीच्या फ्रेमला सेक्टर म्हणेन. एका सेक्टरमध्ये ५८८ सॅम्पल बसतात. ७ मिनिटं १२ सेकंद म्हणजे ४३२ सेकंद, त्याचे ३२,४०० सेक्टर, वर ४०. एकूण ३२,४४० सेक्टर, म्हणजे १,९०,७४,७२० सॅम्पल.

आता हा ट्रॅक लेम या एन्कोडरला दिला. लेम सुरुवातीला ५७६ सॅम्पलचा डिले घालतो. ते धरून बेरीज १,९०,७५,२९६ होते आणि तिला ११५२ ने भागलं तर बाकी ४८० उरते. फ्रेम पुरी करायला ६७२ सॅम्पल कमी पडतात, तेवढं पॅडिंग शेवटी येतं. फाइलमध्ये बरोबर १६,५५९ फ्रेम होतात.

उलगडताना डिकोडर स्वतःचा ५२९ सॅम्पलचा उशीर जोडतो. त्यामुळे सुरुवातीची फुकट सॅम्पल ५७६ अधिक ५२९, म्हणजे ११०५ होतात. सगळा आवाज तेवढा पुढे सरकल्यामुळे शेवटची फुकट सॅम्पल मात्र ६७२ ऐवजी १४३ च राहतात.

ज्या प्लेअरला यातलं काही कळत नाही तो सगळंच वाजवतो. सांध्यावर पहिल्या ट्रॅकची १४३ आणि दुसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीची ११०५ मिळून १२४८ सॅम्पल जादा येतात. म्हणजे २८ मिलिसेकंद. काही जुने डिकोडर फाइलच्या अगदी पहिल्या फ्रेमला, जिच्यात फक्त माहिती असते, आवाजच समजतात आणि तिची ११५२ सॅम्पलची शांतताही वाजवतात. मग खंड ५४ मिलिसेकंदांवर जातो. कान तयार नसला तरी हा खंड चुकत नाही.

ट्रॅकच्या लांबीनुसार पॅडिंग बदलतं, म्हणून एकाच कॉन्सर्टमधला प्रत्येक सांधा कमी-जास्त तुटलेला वाटतो. सुरुवातीचा आकडा मात्र ११०५ च राहतो.

हे जादा सॅम्पल काढून टाकायचे हे प्लेअरला कळतं कसं?

एमपीथ्रीच्या मूळ मानकात ही सोयच नव्हती. लेमने पहिल्या माहितीच्या फ्रेममध्ये स्वतःची जागा करून घेतली आणि तिथे तीन बाइटमध्ये दोन आकडे लिहायला सुरुवात केली. हाच लेमचा टॅग. पहिले बारा बिट डिलेचे, पुढचे बारा पॅडिंगचे. इतर एन्कोडर आणि प्लेअरनीही हीच पद्धत उचलली.

हे डोळ्यांनी बघता येतं. फाइलला शीर्षक, चित्र वगैरे काही जोडण्याआधी हे चालवा:

```
xxd -l 256 01.mp3
```

उजवीकडच्या रकान्यात `Xing` किंवा `Info` दिसेल (बदलत्या बिटरेटच्या फाइलला पहिलं, स्थिर बिटरेटला दुसरं). त्याच्या पुढे काही अंतरावर `LAME` दिसेल. `LAME` मधल्या `L` पासून २१ बाइट सोडून पुढचे तीन बाइट वाचा. आपल्या उदाहरणात ते असे असतील:

```
24 02 A0
```

मधोमध तोडलं की `240` आणि `2A0`. सोळाच्या पायात २४० म्हणजे ५७६ आणि २ए० म्हणजे ६७२. हिशेब जुळला.

या आकड्यांत डिकोडरचे ५२९ कुठेच नाहीत, हे ध्यानात ठेवा. ते प्लेअरने आपण होऊन धरायचे असतात. इथे एक वेगळीच चूक होते, तिच्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

कापायची जागा कशी निवडावी?

सीडीवर जाण्याची थोडीही शक्यता असेल तर जागा ५८८ च्या पटीतच हवी. सीडीवर ट्रॅक अर्ध्या सेक्टरवर संपू शकत नाही. तुम्ही भलतीकडे कापलं तर सीडी लिहिणारा प्रोग्राम शेवटचा सेक्टर शून्यांनी भरतो, म्हणजे जास्तीत जास्त ५८७ सॅम्पल, साधारण १३ मिलिसेकंद. एन्कोडरचा काही संबंध नसतानाही सांधा फाटतो. लाइव्ह रेकॉर्डिंगची देवाणघेवाण करणाऱ्या मंडळींत ‘सेक्टर बाउंडरी एरर’ म्हणून ओळखला जातो तो हाच. `shntool len` हा आदेश अशा फाइल दाखवतो आणि `shntool fix` जादा सॅम्पल शेजारच्या ट्रॅककडे सरकवून सांधे सेक्टरवर आणतो. आवाजातलं काही गळत नाही, फक्त सीमा हलते.

ऑडासिटीमध्ये निवडीचं मोजमाप सीडीच्या फ्रेमवर ठेवून ‘स्नॅप’ चालू केलं की कर्सर आपोआप योग्य जागीच थांबतो. क्यू शीट म्हणजे कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो हे सांगणारी मजकुराची छोटी फाइल. तिच्यात तर वेळ लिहिलीच जाते मिनिट, सेकंद, सेक्टर अशी. त्यामुळे तिथे चुकीच्या जागी कापणं शक्यच नाही:

```
FILE "concert.wav" WAVE
  TRACK 01 AUDIO
    INDEX 01 00:00:00
  TRACK 02 AUDIO
    INDEX 01 07:12:40
```

संगीताच्या अंगाने विचाराल तर माझा कौल टाळ्या ओसरत आल्यावर, पुढच्या गाण्याची घोषणा सुरू होण्याच्या किंचित आधी. ऐन टाळ्यांच्या भरात कापलं तर यादीतून थेट दुसरं गाणं लावणाऱ्याला आधी वीस सेकंद गोंगाट ऐकावा लागतो. दोन गाणी एकमेकांत मिसळलेली असतील तर चांगली जागा नसतेच, तिथे नव्या गाण्याच्या पहिल्या ठोक्याच्या जरा आधी कापावं.

सांध्यावर फेड-इन, फेड-आउट दिलं तर?

मग खंड कायमचा फाइलमध्ये कोरला जातो आणि कुठलाही प्लेअर तो भरून काढू शकत नाही. कॉन्सर्टच्या अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी द्या, मधे नको.

कामाचा क्रम काय ठेवायचा?

जे काही करायचं ते अख्ख्या रेकॉर्डिंगवर करा, मग कापा आणि सर्वांत शेवटी एन्कोड करा. आवाज वाढवणं, गोंगाट कमी करणं, सॅम्पल रेट बदलणं, डिदर घालणं, सगळं कापण्याआधी.

सॅम्पल रेटच्या बाबतीत लोक हटकून घसरतात. रेकॉर्डर बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवलेला असतो. आधी ट्रॅक पाडून मग प्रत्येकाचा रेट ४४.१ वर आणला तर दोन गोष्टी बिघडतात. या दोन रेटचं गुणोत्तर १६० ला १४७ असं आहे. ट्रॅकची लांबी १६० च्या पटीत नसेल तर उत्तर अपूर्णांकात येतं आणि प्रत्येक ट्रॅकला ते वेगळं पूर्ण करावं लागतं. शिवाय रेट बदलणारा फिल्टर कडेच्या सॅम्पलसाठी पलीकडे बघतो आणि तिथे पुढच्या टाळ्यांऐवजी त्याला शून्य दिसतं, त्यामुळे कडा किंचित वाकडी होते. अख्खी फाइल एकदम बदलली की दोन्ही प्रश्न मिटतात:

```
sox -G concert48.wav -b 16 concert.wav rate -v 44100 dither
sox concert.wav 01.wav trim 0 19074720s
sox concert.wav 02.wav trim 19074720s
```

शेवटचं `s` विसरू नका. ते नसेल तर सॉक्स त्या आकड्याला सेकंद समजतो.

प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे ‘नॉर्मलाइझ’ करणं हा आणखी एक हमखास घात. हळू गाण्याचा ट्रॅक वर उचलला जातो, जोरकस गाण्याचा तसाच राहतो आणि सांध्यावर टाळ्यांची पातळी पायरीसारखी बदलते. सॅम्पल एकही गळलेलं नसतं, तरी सांधा ऐकू येतो.

कापलेल्या फाइल अचूक आहेत याची खात्री कशी करायची?

कानावर विसंबू नका. तुकडे परत जोडून मूळ फाइलशी ताडून बघा:

```
sox concert.wav -t raw - | md5sum
sox 01.wav 02.wav -t raw - | md5sum
```

दोन्ही ओळींचं उत्तर अक्षरशः एकच आलं पाहिजे. एका सॅम्पलचाही फरक असेल तर ते पार वेगळं येतं. ही तपासणी एन्कोड करण्यापूर्वीची आहे. ती न करता पुढे गेलात तर नंतर दोष कापण्यात आहे की एन्कोडिंगमध्ये हे शोधत बसावं लागतं.

आणि एमपीथ्री झाल्यावर?

एमपीथ्री मूळ आवाज जसाच्या तसा ठेवत नाही, त्यामुळे वरची तपासणी इथे चालणार नाही. पण सॅम्पलची संख्या जुळलीच पाहिजे:

```
lame -V2 01.wav 01.mp3
lame --decode 01.mp3 01d.wav
soxi -s 01.wav 01d.wav
```

दुसऱ्या आदेशात लेम स्वतःच सांगतो की तो सुरुवातीची ११०५ आणि शेवटची १४३ सॅम्पल वगळतो आहे. आपण कागदावर काढलेलेच आकडे पडद्यावर येतात. `soxi` ने दोन्ही फाइलची लांबी १,९०,७४,७२० दाखवली पाहिजे.

एफएफप्रोब वापरत असाल तर वेळेच्या ओळीत `start: 0.025057` बघा. ११०५ ला ४४,१०० ने भागलं की हेच येतं. ही खूण दिसली म्हणजे टॅग जागेवर आहे. `start` शून्य दिसला तर टॅग मुळात लिहिलाच गेला नाही किंवा नंतर कोणीतरी तो खाल्ला.

कोण खातं? माझा संशय पहिल्यांदा जातो तो हेडर ‘दुरुस्त’ करणाऱ्या साधनांवर. फाइलची वेळ चुकीची दिसते म्हणून लोक ती चालवतात. साधन पहिली फ्रेम नव्याने लिहितं, वेळ बरोबर दिसू लागते आणि लेमचे तीन बाइट मात्र नवीन फ्रेममध्ये नसतात. नुसतं गाण्याचं नाव किंवा मुखपृष्ठ जोडणाऱ्या साधनांनी हे होत नाही, कारण ती माहिती या फ्रेमच्या बाहेर राहते.

सॅम्पलची संख्या बरोबर जुळते, तरी सांध्यावर टक् असा आवाज येतो. असं कसं?

या एका प्रश्नासाठी पान वाचलंत तरी चालेल, कारण संख्येच्या तपासणीत न सापडणारा दोष हाच.

समजा प्लेअर टॅग वाचतो, पण डिकोडरचे ५२९ धरायला विसरतो. तो सुरुवातीची ५७६ सॅम्पल कापतो, शेवटची ६७२ कापतो आणि निवांत होतो. उरलेली संख्या तंतोतंत बरोबर येते, कारण बेरीज तीच आहे: ५७६ अधिक ६७२ म्हणजे १२४८, आणि ११०५ अधिक १४३ म्हणजेही १२४८. पण खिडकी ५२९ सॅम्पलनी सरकलेली असते. सुरुवातीला १२ मिलिसेकंद फुकटचे राहिले आणि शेवटी खऱ्या टाळ्यांचे १२ मिलिसेकंद कापले गेले. सांध्यावर टाळ्या अचानक थांबतात, १२ मिलिसेकंद जवळपास शांतता आणि मग पुन्हा पूर्ण जोरात टाळ्या.

हे पकडायचं तर उलगडलेला आवाज मूळ आवाजातून वजा करायचा:

```
sox -m -v 1 01.wav -v -1 01d.wav diff.wav
```

सगळं जागेवर असेल तर उरतो तो एन्कोडिंगचा बारीक खसखस आवाज, मूळ आवाजापेक्षा खूपच हळू. ५२९ ची चूक असेल तर संपूर्ण गाणंच फरकाच्या फाइलमध्ये ऐकू येतं, पोकळ आणि विचित्र. ऐकल्यावर शंका राहत नाही. ज्या प्लेअरवर संशय आहे त्याचं आउटपुट संगणकातल्या संगणकात, सॅम्पल रेट न बदलता रेकॉर्ड करा. सुरुवातीची एक ओळखू येणारी लाट दोन्ही फाइलमध्ये शोधून तिच्या जागेतला फरक मोजा. पण रेकॉर्डिंग कुठे सुरू झालं हे माहीत नसल्यामुळे एकाच ट्रॅकवर हा फरक अर्थहीन असतो. सांध्याच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोन लाटा धरा आणि त्यांच्यातलं अंतर मूळ रेकॉर्डिंगशी ताडा. अंतर जुळलं तरी मधे १२ मिलिसेकंदांचा खड्डा दिसत असेल तर दोष प्लेअरचाच आहे, फाइल पुन्हा एन्कोड करत बसू नका.

प्लेअरही नीट आहे, तरी लांबवलेल्या स्वरावर सांधा किंचित जाणवतो. अजून काय राहिलं?

आता आपण खऱ्या मर्यादेपाशी आलो. लेमने पहिला ट्रॅक एन्कोड केला तेव्हा त्याला टाळ्यांनंतर शून्य दिसलं. दुसरा ट्रॅक एन्कोड करताना त्याच्या आधी शून्य दिसलं. दोन्हीकडे आवाज कड्यावरून तुटल्यासारखा आहे आणि त्या तुटलेल्या कडेची चूक फ्रेमभर पसरते. नंतर जादा सॅम्पल कितीही अचूक कापले तरी कडेजवळची ही बारीक चूक आतच राहते. शिवाय नव्या फाइलच्या सुरुवातीला एन्कोडरजवळ मागून साठवलेले बिटही नसतात.

टाळ्या हा स्वतःच गोंगाट असल्यामुळे त्यांच्यात हे लपून जातं. ऑर्गन किंवा सिंथेसायझरचा एकच स्वर सांध्यावरून ओढलेला असेल तर हेडफोनवर बारीक ठिपका ऐकू येऊ शकतो.

लेममध्ये यासाठी वेगळा पर्याय आहे:

```
lame -V2 --nogap 01.wav 02.wav
```

इथे एन्कोडर दुसऱ्या ट्रॅकवर जाताना थांबत नाही, आवाज सलग समजून पुढे चालतो. मधे शून्यं भरत नाही. मात्र फाइल एमपीथ्रीच्या फ्रेमवरच बदलावी लागते, त्यामुळे ट्रॅकची सीमा तुमच्या १,९०,७४,७२० वर न राहता एका फ्रेमच्या आत, म्हणजे २६ मिलिसेकंदांपर्यंत सरकू शकते. कॉन्सर्ट क्रमाने ऐकायची असेल तर याचा काही तोटा नाही. मी हा पर्याय फक्त लांब स्वरांच्या सांध्यांसाठी वापरतो. टाळ्यांच्या सांध्यांना साधं एन्कोडिंग आणि शाबूत टॅग पुरेसे आहेत.

माझ्याकडे कॉन्सर्टची एकच मोठी एमपीथ्री फाइल आहे, मूळ रेकॉर्डिंग नाही. ती कापू का?

जमलं तर कापूच नका. तशीच ठेवून सोबत क्यू शीट द्या. क्यू शीट वाचणारा प्लेअर ट्रॅक वेगवेगळे दाखवेल आणि फाइल एकच असल्यामुळे सांधा तुटण्याचा प्रश्नच येणार नाही.

फोनवर न्यायची असेल आणि तिथला प्लेअर क्यू शीट वाचत नसेल, तर कापावंच लागेल. एमपीथ्री पुन्हा एन्कोड न करता कापणारी साधनं फ्रेमच्या सीमेवर कापतात. पण एमपीथ्रीची फ्रेम स्वतंत्र नसते. तिच्यातली काही माहिती मागच्या फ्रेममध्ये, ५११ बाइटपर्यंत मागे, ठेवलेली असू शकते. नव्या फाइलच्या पहिल्या फ्रेमला ते बाइट मिळत नाहीत, म्हणून डिकोडर ती गप्प करतो. पुढच्या तुकड्यालाही मागचा अर्धा भाग नसल्यामुळे तो अर्धवट उलगडतो. त्यात नवीन फाइलना लेमचा टॅग नसतो, किंवा मूळ फाइलचाच चिकटवलेला असतो आणि तो इथे चुकीचा ठरतो.

pcutmp3 नावाचं एक छोटं साधन यावर शहाणपणाने मात करतं. ते प्रत्येक तुकड्याच्या आधी लागतील तेवढ्या जादा फ्रेम घेतं आणि टॅगमध्ये डिले-पॅडिंगचे आकडे असे लिहितं की टॅग वाचणारा प्लेअर बरोबर हव्या त्या सॅम्पलपासून सुरू करेल. बारा बिटांत ४०९५ पर्यंतचा आकडा मावतो, म्हणजे तीन फ्रेमहून थोडी जास्त जागा मिळते. टॅग न वाचणाऱ्या प्लेअरवर मात्र या फाइल नेहमीपेक्षा वाईट वाजतील, कारण सांध्यावरचा आवाज पुन्हा ऐकू येईल.

एमपीथ्री सोडून दुसरा फॉरमॅट घेतला तर हा त्रास टळेल का?

फ्लॅक घेतला तर मुळातूनच टळतो. त्यात डिले नसतो, शेवटचा ब्लॉक हवा तेवढा छोटा असू शकतो आणि एकूण सॅम्पलची संख्या हेडरमध्येच लिहिलेली असते. लाइव्ह रेकॉर्डिंग जपून ठेवायचं असेल तर दुसरा विचार करू नये.

ओपस आणि व्हॉर्बिसमध्ये किती वगळायचं ही सोय फॉरमॅटचाच भाग आहे, कोणीतरी मागाहून जोडलेली नाही. ओपसच्या हेडरमध्ये सुरुवातीला किती सॅम्पल सोडायची ते असतं, साधारणपणे ३१२, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर साडेसहा मिलिसेकंद. शेवट कुठे कापायचा हे फाइलच्या शेवटच्या पानावर नोंदलेल्या सॅम्पलच्या संख्येवरून ठरतं. ओपस आतून ४८ किलोहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे ४४.१ चे सुटे ट्रॅक दिलेत तर वर सांगितलेला रेट बदलण्याचा प्रश्न प्रत्येक ट्रॅकच्या कडेला पुन्हा उभा राहतो. ओपसच करायचं असेल तर अख्खं रेकॉर्डिंग आधी ४८ वर न्या, किंवा मुळात ४८ वरच ठेवा, आणि मग कापा.

एएसीची गोष्ट एमपीथ्रीसारखीच आहे. फ्रेम १०२४ सॅम्पलची, आणि डिले एन्कोडरप्रमाणे बदलतो. अ‍ॅपलच्या एन्कोडरचा २११२ असतो. `iTunSMPB` नावाच्या टॅगमध्ये तो `00000840` असा दिसतो. काही साधनं हीच माहिती एमपीफोरच्या एडिट लिस्टमध्ये ठेवतात. प्लेअर दोन्हींपैकी एकच वाचत असेल आणि फाइलमध्ये दुसरी असेल तर खंड ऐकू येणारच. फाइलमधून एएसीचा प्रवाह उपसून उघडा ठेवला तर दोन्ही जातात.

फाइल सगळ्या तपासण्यांत पास होते. तरी माझ्या प्लेअरवर सांधा ऐकू येतो.

मग खंड मोजा. प्लेअरचं आउटपुट रेकॉर्ड करून ऑडासिटीत मोठं करून बघितलं की लांबीवरून बरंच कळतं.

२५ ते ८० मिलिसेकंदांचा खंड असेल तर प्लेअर टॅग वाचत नाही. १२ च्या आसपास असेल तर ५२९ ची भानगड. शंभर मिलिसेकंदांच्या वर किंवा दर वेळी वेगळाच असेल, तर एन्कोडरचा यात हात नाही: प्लेअर पहिली फाइल पूर्ण संपल्यावर दुसरी उघडतो आहे, किंवा मधे ऑडिओ डिव्हाइस बंद करून पुन्हा चालू करतो आहे. त्याच यादीत ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचे ट्रॅक मिसळले असतील तरीही असं होतं. सीडीवर बरोबर दोन सेकंदांची शांतता येत असेल तर लिहिताना ‘ट्रॅक-ॲट-वन्स’ निवडलं गेलं आहे. ‘डिस्क-ॲट-वन्स’ घ्या आणि मधलं अंतर शून्य ठेवा.

खड्डा दिसतच नसेल आणि तरी सांधा जाणवत असेल, तर सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या टाळ्यांची उंची बघा. प्लेअर रिप्लेगेनचा ‘ट्रॅक’ आकडा वापरत असेल तर प्रत्येक गाण्याचा आवाज वेगळ्या प्रमाणात कमी-जास्त होतो आणि सांध्यावर पातळी उडी मारते. सेटिंगमध्ये ‘अल्बम’ निवडा. त्यासाठी रिप्लेगेन मोजताना सगळे ट्रॅक एकत्र निवडून अल्बम म्हणून मोजलेले हवेत, नाहीतर तो आकडा फाइलमध्ये नसतो आणि प्लेअर मुकाट्याने ट्रॅकच्याच आकड्यावर परत जाऊ शकतो.

तिथेच क्रॉसफेड चालू आहे का तेही बघून घ्या. क्रॉसफेडमुळे खंड झाकला जातो खरा, पण त्याबरोबर टाळ्यांचे काही सेकंद एकमेकांवर चढतात आणि पुढच्या गाण्याचा पहिला ठोका मागच्या गोंगाटात बुडतो.